वाक्याच्या शेवटी बसलेला चेहरा

समजा, साताऱ्यात मित्राच्या लग्नात दोघांची ओळख झाली. तो एकतीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. ती एकोणतीस वर्षांची, कोल्हापुरात बँकेत. पंगतीत वाढप्याच्या हातून मसालेभात निसटला तो थेट याच्या पांढऱ्या कुर्त्यावर, आणि तिने हसू दाबत स्वतःचा रुमाल पुढे केला. सकाळचं ‘तुम्ही’ संध्याकाळपर्यंत ‘तू’वर आलं. निघताना नंबर दिले-घेतले गेले. रात्री साडेनऊला तो टाइप करतो, ‘पोहोचलीस का?’ आणि त्याचा अंगठा तिथेच थांबतो.

दोनच शब्द, पण नुसते पाठवले तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चौकशीसारखे वाटतात. म्हणून तो पुढे चुंबन फेकणारा चेहरा 😘 लावतो आणि घाईने खोडतो. मग डोळा मारणारा 😉 लावतो, तोही खोडतो. लाल बदाम तर त्याला लावण्याआधीच जड वाटतो. शेवटी ‘पोहोचलीस का?’ तसंच जातं आणि तिकडे ती विचार करत बसते, की याने शिष्टाचार म्हणून विचारलं की आणखी काही?

ही अडचण त्याच्या एकट्याची नाही. 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी गंभीर आणि उपरोधिक वाक्यं एकदा ईमेलने पाठवली, एकदा आवाजात ऐकवली. आपला सूर समोरच्याला साधारण 78 टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता आणि तो दोन्ही माध्यमांना सारखाच होता. आवाजात तो जवळजवळ खरा ठरला. ईमेलमध्ये मात्र सूर ओळखता आला फक्त 56 टक्के वेळा, म्हणजे छापा-काटा करण्याहून थोडा बरा. कारण साधं आहे. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज वाजत असतो, तो मेसेजबरोबर जात नाही. ‘पोहोचलीस का?’ लिहिताना त्याच्या डोक्यात तिचा रुमाल होता, तिच्या हातात पोहोचलं ते फक्त प्रश्नचिन्ह.

इमोजी जन्माला आले तेही याच पोकळीत. हा शब्द ‘इमोशन’वरून आला असं अनेकांना वाटतं, पण तो जपानी आहे: ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. एनटीटी डोकोमो या कंपनीतल्या शिगेताका कुरिता यांनी 1999 साली 176 चित्रांचा संच केला. एकेक चित्र 12 बाय 12 ठिपक्यांचं होतं आणि आज तो संच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्याआधीची एक गोष्ट कुरिता सांगत आले आहेत. कंपनीच्या जुन्या पेजरवर बदामाचं चिन्ह होतं. नव्या, कामकाजी लोकांसाठीच्या पेजरमधून ते काढून टाकलं, तर तरुण ग्राहक सरळ दुसऱ्या कंपनीकडे गेले. निरोप दोन्ही पेजरवर पोहोचतच होता. कमी पडला तो एवढासा बदाम.

बदाम, हसरा चेहरा आणि डोळा मारणारा चेहरा कीबोर्डवर शेजारी शेजारी बसतात, म्हणून ते एकाच कामाचे वाटतात. भाषेचे अभ्यासक इमोजीकडे भावनेचं चित्र म्हणून कमी आणि हावभाव म्हणून जास्त पाहतात. एली ड्रेसनर आणि सुझन हेरिंग यांनी 2010 मध्ये टाइप केलेल्या स्मायलींबद्दल मांडलं, की वाक्य कोणत्या हेतूने केलं आहे ते हे चिन्ह सांगतं: थट्टा, विनंती, तक्रार की खोडी. छेडछाडीच्या मेसेजपुरती याची ढोबळ विभागणी तीन कामांत करता येईल. काही चेहरे फक्त सूर मऊ करतात. काही वाक्याचा अर्थच बदलतात. आणि काही चिन्हं दोघांमधलं नातं काय आहे, याबद्दल बोलतात. घोटाळा बहुतेक वेळा होतो तो पहिलं काम हवं असताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या कामाचं चिन्ह उचलल्यामुळे.

सूर मऊ करणाऱ्यांत गालावर लाली असलेला 😊 सगळ्यांत भरवशाचा. ‘पोहोचलीस का? 😊’ यात नवीन माहिती काही नाही, पण चौकशीचा खरखरीतपणा गेला. त्याचा फिकट भाऊ 🙂 मात्र धोक्याचा. ओठांची जेमतेम रेष वाकलेला हा चेहरा पन्नाशीच्या लोकांना साधा हसरा वाटतो आणि अनेक तरुणांना दात-ओठ खाऊन हसल्यासारखा. ‘ठीक आहे 🙂’ हे आईने पाठवलं तर खरंच ठीक आहे, मैत्रिणीने पाठवलं तर बहुधा नाही.

अर्थ बदलणाऱ्यांत मुख्य म्हणजे डोळा मारणारा चेहरा. इलिनॉय विद्यापीठात बेंजामिन वाइसमन आणि डॅरन टॅनर यांनी वाचणाऱ्यांच्या मेंदूतले विद्युतसंकेत मोजले. 2018 मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, साध्या वाक्यापुढे 😉 आला की मेंदू जो प्रतिसाद देतो तो शब्दांतल्या उपरोधाला मिळणाऱ्या प्रतिसादासारखाच असतो. म्हणजे हा चेहरा वाचणाऱ्याला मागे फिरवतो आणि वाक्यात दुसरा अर्थ शोधायला लावतो. ‘मी आज घरीच आहे’ ही बातमी आहे. ‘मी आज घरीच आहे 😉’ हे आमंत्रण आहे, पाठवणाऱ्याला ते अभिप्रेत असो वा नसो. ‘पोहोचलीस का? 😉’ मध्ये दुसरा अर्थ शोधावा तर तो सापडत नाही, आणि जो सापडतो तो बरा नसतो.

त्यात मराठीची एक खास पंचाईत आहे. आपल्याकडे ‘डोळा मारणं’ हा वाक्प्रचारच मुळात कॉलेजच्या कट्ट्यावरचा आणि एसटी स्टँडवरचा. त्याला खेळकरपणाइतकाच टवाळीचा वास आहे. त्यामुळे नव्या ओळखीत हा चेहरा सर्वांत आधी निवडला जातो आणि सर्वांत जास्त चुकतो. तो शोभतो तिथे, जिथे थट्टा शब्दांतच आहे आणि ती दोघांना ठाऊक आहे: ‘पुढच्या लग्नाला मी काळा कुर्ता घालणार, वाढप्यांवर माझा विश्वास उरला नाही 😉’. इथे दुसरा अर्थ शोधायला पाठवलं तर वाचणाऱ्याच्या हाताला मसालेभात लागतो.

तिरकं हसणारा 😏 हा त्याचाच निर्ढावलेला थोरला भाऊ. पहिल्या महिन्यात तो न वापरलेलाच बरा.

तिसरा गट बदामांचा आणि चुंबनांचा. हे वाक्याला लागत नाहीत, माणसाला लागतात. लाल बदाम ❤️ इतका वापरून झाला आहे की त्याचं मोल पाठवणाऱ्यावर ठरतं. जी मुलगी मावशीच्या पुरणपोळीच्या फोटोलाही तीन बदाम देते, तिच्या एका बदामाने हुरळून जाण्यात अर्थ नाही. जो मुलगा कधीच काही लावत नाही, त्याने रात्री अकराला लावलेला एकच बदाम मात्र चहाच्या कपावरची चर्चा होतो. पिवळा, हिरवा, निळा बदाम लाल रंगापेक्षा हलका, मैत्रीकडे झुकणारा मानला जातो. पण या रंगांचा सर्वमान्य कोश कुठेही नाही, आणि आयपीएलच्या हंगामात पिवळा बदाम चेन्नईच्या संघासाठीही असू शकतो.

बदामाच्या बाबतीत व्हॉट्सॲपची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाक्याशिवाय नुसता एकच इमोजी पाठवला की तो मोठा होऊन दिसतो, आणि एकटा लाल बदाम तर पडद्यावर धडधडू लागतो. वाक्याच्या शेवटी कुजबुजणारा बदाम एकटा पाठवला की ढोल वाजवतो. याउलट मे 2022 मध्ये आलेली रिॲक्शनची सोय, म्हणजे मेसेजवर बोट दाबून धरून त्यालाच बदाम चिकटवणं, आवाज खाली आणते. ‘तू सांगितलेलं आवडलं’ एवढंच ती म्हणते. मात्र तिच्यापुढे उत्तर देण्यासारखं काही उरत नाही. गप्पा चालू राहाव्यात असं वाटत असेल तर नुसती रिॲक्शन देऊन थांबणं म्हणजे दार हळूच लोटून घेणं.

बालिशपणा कुठून येतो? लोक चित्रांना दोष देतात, पण तो बहुतेक वेळा संख्येतून येतो आणि ठरावीकपणातून. हसण्याचा 😂 तीनदा आला तर तीनपट हसू वाटतं, कारण हसणं खरोखरच लांबतं. चुंबनाचा चेहरा तीनदा आला तर ती उष्णता वाटत नाही, उतावीळपणा वाटतो. प्रत्येक वाक्यामागे एक चेहरा लावणाऱ्याचे चेहरे मग विरामचिन्हांसारखे दिसेनासे होतात. चार-पाच मेसेजांत एखादा, तोही जिथे सूर खरोखर संदिग्ध आहे तिथे, एवढा पुरतो. आणि फुलपाखरू, गुलाब, टेडी, चमकत्या चांदण्या एका ओळीत आल्या की वाचणाऱ्याला कुटुंबाच्या ग्रुपवरचा सुप्रभात आठवतो. गुलाबाची त्यात काही चूक नाही. रोज सकाळी साडेसहाला काकांकडून येऊन येऊन तो बिचारा थकला आहे.

याच ठिकाणी माकडाला दाद द्यायला हवी. डोळे झाकलेलं 🙈 हे जपानमधल्या निक्कोच्या तोशोगू देवस्थानातल्या प्रसिद्ध तीन माकडांपैकी एक, आणि आपण त्यांना गांधीजींची माकडं म्हणून ओळखतो. ‘वाईट पाहू नका’ असं सांगणारं हे माकड मेसेजमध्ये मात्र लाजायला लागलं. एके काळच्या ‘इश्श’चं काम ते आज करतं. ‘खरं सांगू? रुमाल परत द्यायचा नाहीये 🙈’ या वाक्यात धीटपणा शब्दांत आहे आणि संकोच चित्रात, म्हणून ते अंगावर येत नाही. शब्दही धीट आणि चित्रही धीट झालं, की समोरच्याला मागे सरकायला जागा उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक सोय आहे, जिचा विसर पडतो. आपल्या भाषेत शब्दांचेच इमोजी आहेत. ‘ये’ हा हुकूम आहे, ‘ये ना’ ही लाडीक विनंती. ‘झोप’ आणि ‘झोप हं आता’, ‘सांग’ आणि ‘सांग की गं’, ‘बरं’ आणि ‘बरं बाई’ यांतलं अंतर कुठल्याही पिवळ्या चेहऱ्याहून बारीक आहे. ‘पोहोचलीस ना नीट?’ असं लिहिलं असतं, तर त्याला पुढे काही लावायची गरजही पडली नसती. ‘ना’ आला की काळजी आली. त्यावर पुन्हा 🥰 लावणं म्हणजे गोड शिऱ्यावर साखर भुरभुरवणं.

संभ्रम होतो तोही बऱ्याचदा इथेच, शब्द एका पायरीवर आणि चित्र दुसऱ्या पायरीवर असताना. ‘तुम्ही जेवलात का? 😘’ यात अहो-जाहो दोन हात लांब उभं आहे आणि चेहरा गळ्यात पडतो आहे. वाचणाऱ्याला दोन्हींपैकी एक खोटं धरावं लागतं. ‘तुम्ही’ चालू आहे तोवर 😊 आणि फार तर 😄 ही मर्यादा बरी. ‘तू’ झालं आणि समोरून माकड आलं की माकड. समोरून ज्या पायरीवरचं येतं त्याच पायरीवर, किंवा फार तर एक पायरी वर जाऊन थांबायचं आणि उत्तर कोणत्या पायरीवरून येतं ते पाहायचं.

उत्तर न येणं हेही उत्तरच असतं, पण आपल्याकडे त्याहून स्पष्ट एक चिन्ह आहे. 😘 ला 🙏 आलं, तर तो कोपरापासून नमस्कार समजावा. नुसता 👍 आला तरी विषय संपला. दोनदा तसं झालं की पुढचा बदाम गोड राहत नाही, तो तगादा होतो. ऑफिसात तर याला कायद्याची बाजूही आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात नकोशा अशाब्दिक लैंगिक वर्तनाचाही समावेश आहे. साहेबाने हाताखालच्या मुलीला वारंवार पाठवलेले डोळे आणि चुंबनं ‘नुसती चित्रं होती हो’ म्हणून झटकता येतीलच असं नाही.

चित्र दोघांच्या फोनवर एकसारखं दिसतं का, हाही प्रश्न आहे. युनिकोड संस्था ठरवते ते चिन्हाचं नाव आणि क्रमांक, चेहरा रंगवते ती कंपनी. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की दात दाखवून हसणारा 😁 अ‍ॅपलच्या तेव्हाच्या फोनवर अनेकांना अवघडून दात विचकल्यासारखा वाटत होता, तर इतर फोनांवर आनंदी. सॅमसंगच्या जुन्या फोनांवर डोळे फिरवणारा, ‘काय कटकट आहे’ म्हणणारा 🙄 चक्क खुशीत कडेला बघताना दिसायचा. आता ही चित्रं बरीच एकमेकांसारखी झाली आहेत. तरी अगदी नवा इमोजी जुन्या फोनवर कोरी चौकट होऊन पोहोचू शकतो, आणि प्रेमळ वाक्याच्या शेवटी कोरी चौकट फार केविलवाणी दिसते. फळभाज्यांचं तर विचारूच नका. वांग्याच्या चित्राला जगभर इतका चावट अर्थ चिकटला, की 2015 मध्ये इन्स्टाग्रामने त्याचा हॅशटॅग शोधण्यावर बंदी घातली. खानदेशातल्या माणसाने भरताच्या बेताला बोलावताना वांग शब्दांतच लिहावं.

स्टिकरचं शास्त्र वेगळं आहे. व्हॉट्सॲपवर ती 2018च्या ऑक्टोबरमध्ये आली. इमोजी वाक्याला लटकतो, स्टिकर स्वतंत्र मेसेज असतं आणि त्याच्याबरोबर ओळ लिहिता येत नाही. म्हणजे ते सूर मऊ करण्याच्या कामाचं नाही, ते बोलण्याची आपली पाळी घेतं. ‘आज दिवस वाईट गेला’ या वाक्याला मिठी मारणारं अस्वल आलं, तर पाठवणाऱ्याला ऊब द्यायची असते, पण वाचणाऱ्याला वाटतं की याला दोन शब्दही लिहवले नाहीत. आधी ‘काय झालं?’ आणि मग अस्वल, हा क्रम पाळला तर तेच अस्वल चालतं.

तयार स्टिकरं बालिश वाटतात, कारण ती कुणालाही पाठवता येतात. गाल फुगवलेली बाळं, डोळ्यांतून बदाम उडवणारी मांजरं यांत त्या दोघांचं असं काही नसतं. ‘अशी ही बनवाबनवी’ या 1988च्या चित्रपटातल्या चेहऱ्यांची स्टिकरं मराठी फोनांवर अजून टिकून आहेत, कारण त्यांत निदान दोघांनी पाहिलेलं काहीतरी असतं. पण तिथेही एक खाच आहे. हास्यनटाचा चेहरा प्रत्येक गोष्टीची गंमत करतो. ‘तुझी आठवण आली’ याला त्याचा विस्फारलेला चेहरा उत्तर म्हणून गेला, तर समोरच्याला कळत नाही की कबुली स्वीकारली गेली की हसण्यावारी नेली. मनातलं काही आलं असेल तेव्हा स्टिकर बाजूला ठेवून अक्षरांनी उत्तर द्यावं.

सर्वांत चांगलं चालतं ते स्वतः बनवलेलं, दोघांच्याच आठवणीचं स्टिकर. त्याला चौकोनी चित्र लागतं, 512 बाय 512 ठिपक्यांचं, मागची बाजू पारदर्शक. आता फोनच फोटोतली वस्तू पार्श्वभूमीपासून कापून देतो, त्यामुळे दोन मिनिटांचं काम असतं. वस्तूचा फोटो घ्यावा, माणसाचा नाही. विशेषतः समोरच्याच्या फोटोचं न विचारता स्टिकर करू नये. पाठवलेलं स्टिकर कुणीही जपून ठेवू शकतं आणि पुढे ढकलू शकतं. आज लाडाने केलेला चेहरा उद्या तिच्या ओळखीच्या एखाद्या ग्रुपवर फिरताना दिसला, तर तो लाड कुणालाच आठवत नाही.

आता पुन्हा त्या रात्रीकडे. समजा, त्याने खोडाखोड केली नाही आणि असं लिहिलं: ‘पोहोचलीस ना नीट? रुमालाला अजून मसालेभाताचा वास येतोय 😄’. काळजी ‘ना’ने सांगितली, आठवण रुमालाने, आणि दात दाखवणारा साधा हसरा चेहरा एवढंच म्हणतो की ही तक्रार नाही. छातीवर हात मारून सांगण्यासारखं काही यात नाही, म्हणून तिला उत्तर देणंही जड जात नाही. तिने ‘हो, पोहोचले. धन्यवाद 🙏’ लिहिलं असतं, तर त्याने शुभरात्री म्हणून फोन बाजूला ठेवायचा होता.

तिने लिहिलं, ‘पोहोचले. रुमाल धुऊन परत दे हं, मोजून ठेवलेत 🙈’. रुमाल मोजून ठेवणारी माणसं जगात फारशी नसतात, हे दोघांनाही ठाऊक. इथे ‘हं’ही आहे आणि माकडही, म्हणजे तीच एक पायरी वर आली आहे. त्याला लगेच बदाम पाठवायचा मोह होतो. तो पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दोरीवर वाळत घातलेल्या रुमालाचा फोटो काढतो, कडा कापतो आणि त्याचं स्टिकर पाठवतो. कोपऱ्यात हळदीचा पिवळा डाग स्पष्ट दिसतो आहे. पाठोपाठ वेगळी ओळ: ‘डाग जात नाहीये. नवीन घ्यावा लागेल. कोल्हापुरात रुमाल बरे मिळतात का?’

या ओळीला त्याने काही लावलं नाही. आठ मिनिटांनी तिच्याकडून तेच स्टिकर परत आलं, आणि खाली: ‘रविवारी दुकानं उघडी असतात’.